पेज खाईना, पाणी पिईना...

मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या घरातले तीन वर्षांचे मूल. आदल्या दिवशी थोडा ताप होता. आज ते लाळ गाळते आहे, आवडीची पेजही दूर लोटते आहे. आईने तोंडात पाहिले तर जिभेवर, गालांच्या आत आणि टाळूवर लालसर फोड. दुसऱ्या दिवशी तळहात, तळपाय आणि कुल्ल्यांवर पुरळ दिसते. घरात कोणी ‘उष्णता’ म्हणते, कोणी ‘कांजिण्या’. कांजिण्यांचे फोड मुख्यतः छाती-पाठीवर येतात आणि खाजतात. इथे हात, पाय आणि तोंड हीच खूण असते.

हा हात-पाय-तोंडाचा आजार कॉक्सॅकी गटातल्या किंवा तत्सम एन्टेरोव्हायरसमुळे होतो. केरळात 2022 साली ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून गाजलेला आजार बहुधा हाच होता. विषाणूवर औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सात ते दहा दिवसांत आजार आपोआप बरा होतो. खरा धोका असतो तो दुखऱ्या तोंडामुळे मूल पाणी पिणेच थांबवते, याचा.

म्हणून आधी वेदना कमी करावी. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम द्यावे. मूल 12 किलोचे असेल, तर एका वेळी 120 ते 180 मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे. बाटलीवरचे प्रमाण वाचूनच मिली ठरवावेत. अॅस्पिरिन देऊ नये. औषधानंतर अर्ध्या तासाने भरवावे.

एवढ्या मुलाला दिवसाकाठी साधारण 1 लिटर द्रव लागतो. पेलाभर एकदम जात नाही, पण दर पाच मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे 10 मिली, दिले तर तासाला 120 मिली पोटात जाते. गार दूध, निवलेली मऊ पेज, शहाळ्याचे पाणी, पिकलेले केळे, ओआरएस चालते. सोलकढी, आंबट ताक, तिखट आमटी आणि गरम पदार्थ फोडांना झोंबतात. ते आठवडाभर बाजूला ठेवावेत. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला ते चालूच ठेवावे.

लाळ, फोडातले पाणी आणि शी यांतून आजार पसरतो. शीतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी हात साबणानेच धुवावेत; सॅनिटायझर इथे पुरेसा पडत नाही. मुलाचा पेला, चमचा वेगळा ठेवावा आणि ताप उतरून फोड सुकेपर्यंत अंगणवाडीत पाठवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी एखादे नख गळाले तरी घाबरू नये, नवे येते.

सहा-आठ तास लघवी झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, ताप तीन दिवसांहून अधिक टिकला किंवा बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. झोपेत वारंवार दचकणे, तोल जाणे, सतत उलट्या, गुंगी किंवा धाप दिसली तर मात्र रात्रीही थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. विषाणू मेंदू किंवा हृदयाकडे वळल्याची ती क्वचित दिसणारी चिन्हे असू शकतात.