टाइमलाइन वाचताना: झाकलेले चित्र, गप्प ट्रॅक आणि लांबलेली फाइल

व्हिडिओ संकलनाच्या टाइमलाइनवर वेळ डावीकडून उजवीकडे सरकते आणि ट्रॅक एकावर एक रचलेले असतात. चित्राचे ट्रॅक वर, आवाजाचे खाली. दिसायला सगळ्या पट्ट्या सारख्याच, पण त्या तीन वेगवेगळ्या नियमांनी चालतात. चित्रात वरची क्लिप खालचीला झाकते. आवाजात कोणीच कोणाला झाकत नाही, सगळे ट्रॅक एकत्र मिसळतात. आणि एकूण लांबी ठरते ती कोणत्याही ट्रॅकवरच्या सर्वांत शेवटच्या क्लिपवरून. नवख्या संकलकाच्या बहुतेक अडचणी एका नियमाची अपेक्षा दुसऱ्याकडून केल्यामुळे येतात.

डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्तीही मिळते आणि घरगुती कामाला ती पुरते. त्यात केलेल्या एका कामाचे उदाहरण घेऊ. शाळेच्या स्नेहसंमेलनाची 6 मिनिटे 40 सेकंदांची फिल्म करायची आहे. स्टँडवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण V1 वर आणि त्याचा आवाज A1 वर. पहिल्या रांगेतून फोनवर घेतलेल्या क्लिप V2 वर, त्यांचा आवाज A2 वर. पार्श्वसंगीत A3 वर. टाइमलाइन 25 फ्रेम प्रति सेकंदाची.

आधी चित्र. V2 वर फोनची क्लिप जितका वेळ आहे तितका वेळ खालचा कॅमेरा दिसत नाही. तो पुसला गेलेला नसतो, फक्त झाकलेला असतो. V2 वरची क्लिप सरकवली किंवा निवडून `D` दाबून बंद केली की V1 पुन्हा दिसू लागतो. फोन उभा धरून चित्रण केले असेल तर मात्र गंमतशीर दृश्य समोर येते. 1920 बाय 1080 च्या आडव्या चौकटीत उभी क्लिप उंचीला बसते आणि रुंदीला जेमतेम 608 पिक्सेल व्यापते. दोन्ही बाजूंना प्रत्येकी 656 पिक्सेल जागा उरते. ही जागा काळी नसून पारदर्शक असते, त्यामुळे मध्ये नाचणारी मुलगी आणि दोन्ही बाजूंना स्टँडवरच्या कॅमेऱ्यातले रंगमंच असे एकाच वेळी दिसते. हा सॉफ्टवेअरचा बिघाड नव्हे. क्लिप मोठी करून चौकट भरावी, नाहीतर तेवढ्या भागात V1 वरची क्लिप बंद करावी.

एकाच ट्रॅकवर दोन क्लिप एकमेकींवर आल्या की गोष्ट वेगळी होते. तिथे झाकणे नसतेच. ओढून आणलेली क्लिप जिथे टाकली तिथला आधीचा भाग कापून टाकते. भाषणाचे शेवटचे वाक्य अचानक तुटलेले आढळले तर बहुधा शेजारची क्लिप सरकवताना ती त्यावर चढलेली असते. मूळ फाइल शाबूत असते. नवी क्लिप बाजूला घेतली आणि कापल्या गेलेल्या क्लिपचे टोक पुन्हा ओढले की वाक्य परत येते. म्हणून जागेची खात्री नसताना नवी क्लिप आधी वरच्या रिकाम्या ट्रॅकवर ठेवण्याची सवय चांगली.

आवाजाचे प्रकरण जास्त फसवे. V2 ने V1 ला झाकले तरी A1 आणि A2 दोन्ही वाजत राहतात. मुख्याध्यापकांचे भाषण कॅमेऱ्याच्या आणि फोनच्या माइकवर किंचित मागेपुढे पोचलेले असते, त्यामुळे आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. अशा वेळी सहज केला जाणारा उपाय म्हणजे A2 च्या डोक्यावरचे `M` दाबणे. घुमणे थांबते आणि काम पुढे सरकते. पण `M` त्या क्षणापुरते लागू नसते. ते पूर्ण ट्रॅकला, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत लागू असते. पुढे चौथ्या मिनिटाला कॅमेऱ्याची बॅटरी बदलताना 40 सेकंदांचे चित्रण फक्त फोनवर झालेले आहे. तिथे A1 वर काहीच नाही आणि A2 गप्प आहे. संगीत चालू असल्यामुळे काही बिनसल्याचे पटकन कळतही नाही. मुले ओठ हलवताना दिसतात, संवाद मात्र ऐकू येत नाहीत.

म्यूट केलेल्या ट्रॅकवरही आवाजाच्या लाटांची नक्षी दिसत राहते, म्हणून केवळ क्लिप पाहून निदान होत नाही. ट्रॅकच्या डोक्याकडे पाहावे लागते आणि क्लिप चालू असताना त्या ट्रॅकचा मीटर हलतो का हे तपासावे लागते. कुठेच `M` पेटलेले नसूनही आवाज नसेल, तर दुसऱ्या एखाद्या ट्रॅकवर `S` चालू असण्याची शक्यता मोठी. एका ट्रॅकवर `S` दाबले की बाकीचे सगळे गप्प होतात. एक्सपोर्टही याच अवस्थेत होते: टाइमलाइनवर जे ऐकू येत नाही ते फाइलमध्येही येत नाही. खरा उपाय पूर्ण ट्रॅक बंद न करण्याचा आहे. `Alt` धरून क्लिक केले की जोडलेल्या क्लिपचा फक्त आवाजाचा भाग निवडला जातो. मग `D` दाबून घुमणारा तेवढाच तुकडा बंद करता येतो आणि त्या 40 सेकंदांचा आवाज सुखरूप राहतो.

आता लांबी. सर्वांत आधी आकड्यांचे वाचन. रिझॉल्व्हची टाइमलाइन शून्यापासून सुरू होत नाही. सुरुवातीलाच `01:00:00:00` असते. ही दूरचित्रवाणीच्या कामातून आलेली पद्धत आहे. त्यामुळे फिल्म `01:06:40:00` ला संपते याचा अर्थ ती एक तास सहा मिनिटांची आहे असा नाही, 6 मिनिटे 40 सेकंदांची आहे. शेवटची जोडी फ्रेमची, 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर ती 24 च्या पुढे जात नाही.

एवढे नीट वाचूनही तयार झालेली फाइल 21 मिनिटे 15 सेकंदांची निघाली, तर कारण उजवीकडे दूर शोधावे. `Shift+Z` दाबल्यावर संपूर्ण टाइमलाइन एका नजरेत येते. या उदाहरणात फिल्म संपल्यावर मोठी रिकामी जागा आणि तिच्या पलीकडे केसाएवढी बारीक रेघ दिसते. कापाकापीच्या वेळी बाजूला ठेवून विसरलेला हा एक सेकंदाचा तुकडा `01:21:15:00` ला संपतो. सॉफ्टवेअरने तिथपर्यंतची सगळी वेळ, म्हणजे 14 मिनिटे 34 सेकंदांचा मुका काळोख धरून, इमानाने फाइलमध्ये उतरवली. लांबी मोजताना क्लिप ऐकू येते का, दिसते का, हे पाहिले जात नाही. म्हणून गाण्याची चित्रापुढे गेलेली शेपटीही, ट्रॅक म्यूट असला तरी, फाइल लांबवते. तुकडा पुसून गाणे चित्राबरोबर कापले की टाइमलाइनचा शेवट जागेवर येतो.

उलट दोषही होतो. दुरुस्तीनंतर पुन्हा एक्सपोर्ट केल्यावर फाइल फक्त 1 मिनिट 12 सेकंदांची आली. रंग नीट उतरतात का हे पाहण्यासाठी आधी एका नृत्याच्या भोवती `I` आणि `O` दाबून खुणा केल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. `Deliver` पानावर टाइमलाइनच्या वर `Render` चा पर्याय असतो. तिथे `In/Out Range` असेल तर खुणांमधलाच भाग बाहेर पडतो. `Entire Timeline` निवडले की पूर्ण फिल्म निघते. `Edit` पानावर `Alt+X` दाबून खुणा पुसून टाकल्या तर पुढच्या वेळीही घोटाळा होत नाही. मग त्याच पानावर दिसणारा कालावधी 6 मिनिटे 40 सेकंद आहे का हे रेंडर सुरू करण्याआधी पाहून घ्यावे, आणि तयार फाइलमध्ये चौथ्या मिनिटाचे ते 40 सेकंद ऐकावेत.