रोजची टायपिंग आणि कीबोर्डचा हिशेब

सहाशे-सातशे रुपयांच्या कीबोर्डचे मागचे स्क्रू काढले की आत फारसे काही सापडत नाही. रबराची एक चादर, तिच्यावर प्रत्येक बटणाखाली एक छोटा घुमट आणि त्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या रेषा छापलेल्या असतात. मधल्याला ठिकठिकाणी भोके असतात. बटण दाबले की घुमट बसतो, भोकातून दोन्ही रेषा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटते. हा मेंब्रेन कीबोर्ड. बहुतेक कार्यालयांत हाच दिसतो.

सिझर कीबोर्डही आतून याच घराण्यातला आहे. त्यातही रबर आणि पापुद्रे असतातच. फरक एवढाच की प्रत्येक बटणाखाली प्लॅस्टिकच्या दोन चौकटी कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. त्यामुळे बटण कोपऱ्यावर दाबले तरी सरळ खाली जाते. साध्या मेंब्रेनचे बटण साडेतीन-चार मिलिमीटर खाली जाते, सिझरचे जेमतेम दीड-दोन. लॅपटॉपवर हात बसलेल्यांना तो लगेच जमतो, आवाजही कमी होतो. मात्र कात्रीची नाजूक खुंटी मोडली की सुटा भाग मिळणे कठीण जाते.

मेकॅनिकलची रचनाच वेगळी. इथे प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग आणि धातूचे संपर्कबिंदू असलेला स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८३च्या सुमारास आणलेली एमएक्स मालिका आजही या बाजाराचा मापदंड आहे. तिच्यातले नेहमीचे स्विच चार मिलिमीटर दबतात, पण अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटते. बोट तळाला आदळेपर्यंत नेण्याची गरज नाही, आणि तासन्‌तास टाइप करणाऱ्याला हा फरक संध्याकाळी बोटांत जाणवतो. निळे स्विच टकटक वाजतात, तपकिरी दाबताना हलकासा अडथळा जाणवून देतात, लाल सरळ गुळगुळीत खाली जातात. टीव्हीएस गोल्डचा खणखणीत आवाज सरकारी कार्यालयांत आणि टायपिंग संस्थांत वर्षानुवर्षे ओळखीचा आहे, तो याच निळ्या जातीचा.

मग सर्वांना मेकॅनिकलच द्यावा का? उत्तर खोक्यावरच्या आयुष्याच्या आकड्यात आहे, फक्त तो नीट वाचावा लागतो. मेंब्रेनला साधारण पन्नास लाख ते एक कोटी दाब सांगितले जातात, मेकॅनिकलला पाच कोटी किंवा अधिक. हे आकडे एकेका बटणाचे असतात. म्हणून हिशेब सर्वांत जास्त झिजणाऱ्या बटणाचा, म्हणजे स्पेसबारचा करायचा.

समजा, एका कारकुनाचा वेग मिनिटाला चाळीस शब्द आहे. म्हणजे सुमारे २०० दाब. दिवसाचे चार तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला १ कोटी ४४ लाख दाब होतात. त्यातला सहावा हिस्सा स्पेसबारचा, म्हणजे २४ लाख. पन्नास लाखांचा मेंब्रेन या टेबलावर दोन वर्षांत थकतो, मेकॅनिकल वीस वर्षे टिकू शकतो. पण दिवसाला तासभरच टाइप करणाऱ्याच्या टेबलावर तोच स्वस्त मेंब्रेन आठ वर्षे काढतो. तिथे जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

सहा जणांच्या कार्यालयाकडे आठ हजार रुपये असतील, तर खरेदी अशी बसते. दिवसभर टाइप करणाऱ्या एकाला तीन हजारांच्या आसपासचा मेकॅनिकल. ज्याच्या टेबलाशी सतत लोक बोलायला बसतात, त्याला दीड हजारांचा सिझर, कारण तो शांत असतो. उरलेल्या चौघांना सहाशेचे मेंब्रेन. हे झाले ६,९०० रुपये. बाकीच्या पैशांतून एक मेंब्रेन जास्तीचा घेऊन कपाटात ठेवावा, कारण टेबलावर चहा असतोच.

गोड चहा पापुद्र्यांच्या मध्ये शिरला की छापलेल्या रेषा गंजतात. एका रेषेवर अनेक बटणे जोडलेली असल्यामुळे चार-पाच अक्षरे एकदम बंद पडतात. असे झाले की दोष पापुद्र्यात आहे हे समजावे. दुरुस्तीपेक्षा नवा घेणे स्वस्त पडते. मेकॅनिकलमध्ये बहुधा एकच बटण बिघडते: एकदा दाबले तरी अक्षर दोनदा उमटू लागते. तेवढा एक स्विच बदलता येतो. हॉट-स्वॅप प्रकारात तर डागही द्यावा लागत नाही, चिमट्याने जुना काढून नवा बसवायचा.

दुकानात दोन गोष्टी तपासाव्यात. खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ लिहिले असेल, तर आत बहुधा मेंब्रेनच असतो. दुकानदाराला एक टोपी उपटून दाखवायला सांगावे. खाली स्विचची स्वतंत्र पेटी आणि तिच्यातून वर आलेला, बहुतेकदा अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा दिसला तर तो मेकॅनिकल. रबराचा घुमट दिसला तर नाही. दुसरे म्हणजे, स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड अनेकदा गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेले असतात आणि त्यांना उजवीकडची आकड्यांची पाटी नसते. टॅलीत दिवसभर बिले भरणाऱ्याला असा कीबोर्ड पहिल्याच दिवशी परत करावासा वाटेल.