टक्का मोठा, तारा छोटा

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या बाजारपेठेत पतसंस्थांचे फ्लेक्स लागतात. वर संचालक मंडळाचे फोटो, मध्ये भल्या मोठ्या अक्षरांत एक आकडा आणि त्या आकड्याच्या डोक्यावर मुंगीएवढा तारा. हाच फ्लेक्स मग मोबाईलवर फिरतो. तिथे आकडा वाचता येतो, ताऱ्याचा खुलासा मात्र चित्र मोठे करूनही धूसरच राहतो. वाचणारा बहुधा निवृत्त शिक्षक असतो, ऊसबिल हाती आलेला शेतकरी असतो किंवा नवऱ्याच्या फंडाची रक्कम कुठे ठेवावी या विचारात पडलेली बाई असते. त्यांच्या निर्णयाला लागणारी माहिती ताऱ्याच्या मागेच असते.

ठेवीच्या जाहिरातीतला मजकूर चार ओळींचा. पण त्या ओळी सरळ लिहायच्या म्हटल्या की प्रत्येक ठिकाणी एक सोपी पळवाट समोर येते. पहिली पळवाट व्याजदरातच आहे.

समजा, एका पतसंस्थेचा मुदत ठेवीचा दर द.सा.द.शे. ९ टक्के आहे, मुदत ५ वर्षे आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाते. म्हणजे तीन महिन्यांना सव्वादोन टक्के, असे वीस वेळा. १ लाख रुपयांचे पाच वर्षांनी १,५६,०५१ रुपये होतात. इथपर्यंत सगळे खरे आहे. आता जाहिरात करणारा ५६,०५१ रुपयांच्या व्याजाला पाचने भागतो. वर्षाला ११,२१० रुपये. फ्लेक्सवर छापतो, ‘सरासरी परतावा ११.२१ टक्के’. भागाकार चुकलेला नाही, तरीही आकडा फसवा आहे, कारण त्यात व्याजावरचे व्याजही पहिल्या वर्षापासून मुद्दलाच्याच कमाईत धरले गेले. वार्षिक हिशेबाने या ठेवीचा खरा परतावा ९.३१ टक्के येतो. शेजारच्या बँकेचा दर साधा लिहिलेला आणि पतसंस्थेचा असा फुगवलेला, या दोन आकड्यांची तुलना करणारा माणूस सुरुवातीलाच चुकतो.

‘दामदुप्पट’ हा याचाच थोरला भाऊ. ‘९४ महिन्यांत दामदुप्पट’ या ओळीत व्याजदर कुठेच नसतो. पण ९ टक्क्यांनी तिमाही चक्रवाढीने पैसे साधारण तेवढ्याच काळात दुप्पट होतात. म्हणजे योजना वेगळी नाही, नुसते नाव वेगळे. शिवाय ९४ महिने म्हणजे जवळजवळ आठ वर्षे, आणि महिन्यांत लिहिल्यामुळे ती लहान वाटतात. प्रामाणिक मजकुरात दर वार्षिक लिहावा, व्याज किती दिवसांनी मुद्दलात मिळते ते लिहावे आणि १ लाखाचे मुदतीअखेर किती होतील तो एकच आकडा रुपयांत द्यावा. रुपयांतला आकडा सगळ्यांना कळतो, त्याला गणिताची गरज लागत नाही.

मुदतीच्या ओळीतली गफलत वेगळी आहे. ‘६० महिने’ एवढे लिहिले की काम झाले असे संस्थेला वाटते. ठेवीदाराला मात्र मुदत ठरवताना दवाखाना, लग्न, बोअरवेल असे सगळे डोळ्यांसमोर असते. मधेच पावती मोडावी लागली तर काय, हा त्याचा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी असते की ठेव प्रत्यक्षात जितका काळ राहिली त्या काळाचा दर लावायचा आणि त्यातूनही एखादा टक्का कापायचा. वरच्याच उदाहरणात दोन वर्षांनी पावती मोडली असे धरू. दोन वर्षांच्या ठेवीचा दर ८ टक्के असेल तर एक टक्का वजा जाऊन ७ टक्के लागतील आणि हाती १,१४,८८८ रुपये येतील. ठेवीदार मनात ९ टक्के धरून १,१९,४८३ रुपयांची वाट पाहत असतो. साडेचार हजारांहून जास्त फरक पडला, आणि काउंटरवर भांडण झाले. संस्थेने नियम मोडला नाही, पण जाहिरातीत तो सांगितलाही नाही. ही एक ओळ छापायला जागा फारशी लागत नाही.

आता जोखमीची ओळ. जाहिरातीतून ती बहुतेक वेळा गायब असते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबायला हवे.

पतसंस्था ही बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सभासदांची संस्था असते. एकाहून अधिक राज्यांत काम करणारी असेल तर २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली, आणि तिचा निबंधक दिल्लीत असतो. दोन्हींकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. बँक बुडाली, अगदी नागरी सहकारी बँक बुडाली, तरी ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत भरपाई देते. ही मर्यादा २०२० पासूनची, त्याआधी ती १ लाख होती. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागूच नाही. पाच हजारांनाही नाही.

मग पतसंस्था अडचणीत आली तर काय होते? निबंधक अवसायक नेमतो. तो थकीत कर्जदारांविरुद्ध कलम १०१ खाली वसुलीचे दाखले घेतो, तारण मालमत्ता लिलावात काढतो, कोर्टातले अडथळे पार करतो आणि जसजसे पैसे जमतील तसतसे वाटतो. किती मिळतील आणि केव्हा, याची तारीख कुणी देऊ शकत नाही. संचालकांनी कर्जे आपल्याच माणसांना, अपुऱ्या तारणावर वाटली असतील तर वसूल करण्यासारखे फार काही उरतच नाही. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होते, पण जप्तीपासून खात्यात पैसे येईपर्यंत कोर्टाचा लांब रस्ता असतो.

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट सोसायटीचे प्रकरण मराठवाड्यात अजून ताजे आहे. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार तिथे १२ ते १४ टक्के परताव्याचे आश्वासन देऊन ठेवी घेतल्या गेल्या. पैसे परत मिळेनासे झाल्यावर ठेवीदार शाखांपुढे आणि पोलीस ठाण्यांत हेलपाटे घालू लागले. त्याआधी जळगावच्या रायसोनी मल्टिस्टेटमध्येही २०१५ च्या सुमारास संचालकांना अटक झाली, अवसायक आला आणि लोक वर्षानुवर्षे पावत्या घेऊन फिरले. चढा दर म्हणजे घोटाळाच, असे म्हणता येत नाही. पण ठेवीदाराला १२ टक्के द्यायचे तर संस्थेला कर्ज त्याहून तीन-चार टक्के महाग द्यावे लागते. इतके महाग कर्ज उचलणारा बहुधा तोच असतो, ज्याला बँकेने दारातून परत पाठवलेले असते. ठेवीचा दर आणि कर्ज बुडण्याची शक्यता अशी एकमेकांना बांधलेली आहे. हे आर्थिक कोडे नाही, साधा व्यवहार आहे.

याच्या जागी जाहिरातीत काय दिसते? ‘शासनमान्य’. नोंदणी झाली म्हणजे शासनाने ठेवीची हमी घेतली, असा अर्थ वाचणारा काढतो आणि तो तसा काढावा म्हणूनच तो शब्द तिथे असतो. नोंदणी क्रमांक जरूर छापावा, पण नोंदणी म्हणजे फक्त नोंदणी. दुसरी ओळ ‘ठेवींना विमा संरक्षण’. खोलात गेले तर तो विमा कधी ठेवीदाराच्या अपघाताचा निघतो, कधी तिजोरीतल्या रोकडीच्या चोरीचा. कर्ज बुडाले तर त्यातला एक रुपया ठेवीदाराकडे येत नाही.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. सहकारी पतसंस्थांना नावात किंवा कारभारात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही, आणि काही संस्था बिगरसभासदांकडून, नाममात्र व सहयोगी सभासदांकडून ठेवी घेतात हे बँकिंग कायद्याचे उल्लंघन आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणून ‘सर्वांसाठी खुली ठेव योजना’ ही ओळच चुकीची आहे. काउंटरवर दहा रुपयांत नाममात्र सभासद करून ठेव लावून घेणे, हीही तीच चूक, फक्त फॉर्म भरलेली.

तारा छापून सुटका होत नाही, हे जाहिरात लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, दाव्यासारख्याच अक्षरात हवा, ठळक जागी हवा, आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करायला खुलासा वापरता येत नाही. म्हणजे आकडा मराठीत आणि अटी इंग्रजीत, हे चालत नाही.

मग नीट मजकूर कसा दिसेल? वरच्याच काल्पनिक ठेवीसाठी तो असा लिहिता येईल:

मुदत ठेव, फक्त नियमित सभासदांसाठी. व्याज द.सा.द.शे. ९ टक्के, दर तिमाहीला चक्रवाढ. मुदत ५ वर्षे. १,००,००० रुपयांचे मुदतीअखेर १,५६,०५१ रुपये. मुदतीपूर्वी मोडल्यास ठेव राहिलेल्या काळाचा दर, त्यातून १ टक्का वजा. व्याज करपात्र आहे. ही पतसंस्था आहे, बँक नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही. या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. संस्था अडचणीत आल्यास रक्कम उशिरा किंवा अपुरी मिळू शकते, बुडूही शकते. नोंदणी क्रमांक, मागील लेखापरीक्षण वर्ष व वर्ग, आणि हा दर कोणत्या तारखेपासून लागू आहे ती तारीख.

हे सगळे एका फ्लेक्सवर सहज मावते, फक्त संचालकांचे फोटो थोडे लहान करावे लागतात. असे लिहिले तर ठेवी येणार नाहीत, अशी भीती व्यवस्थापक बोलून दाखवतात, आणि ती अगदीच खोटी नाही. शेजारची संस्था ११.२१ टक्के लिहीत असताना ९ लिहिणारा पहिल्या महिन्यात मागे पडतो. पण ज्या संस्थेचे कर्जवाटप स्वच्छ आहे, तिला सांगण्यासारखे आणखी काही असते. मागच्या मार्चअखेर थकबाकी किती, त्यापोटी तरतूद किती, ठेवींपैकी किती रक्कम कर्जात गेली. हे आकडे तिच्या वार्षिक अहवालात असतातच. चांगली संस्था ते फ्लेक्सवरही छापू शकते. ढासळलेली संस्था ते छापत नाही, आणि ठेवीदाराला कळायला हा फरक पुरेसा आहे.

ठेव ठेवण्याआधी सभासदाने हा अहवाल स्वतः मागावा. सहकार कायद्याच्या कलम ३२ नुसार उपविधी आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद कार्यालयीन वेळेत विनाशुल्क पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. ‘साहेब बाहेर गेलेत, पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर दोनदा मिळाले, तर धनादेश खिशातच राहू द्यावा.