मेणखडूंचे चित्र आणि त्यावरचा अभिप्राय

तीन-चार वर्षांची मुले माणूस काढताना बहुधा एक मोठा गोल काढून त्यालाच हातपाय जोडतात. या वयात हे स्वाभाविक असते. असे चित्र आईने दाखवले, तर उत्तरात जे दिसते तेच सांगावे: ‘जांभळा खडू किती दाबून फिरवलाय! पाय थेट कागदाच्या कडेपर्यंत पोचलेत. या चित्राची गोष्ट तिला विचाराल का?’ यामुळे आपले चित्र कोणीतरी नीट पाहिले, हे मुलाला कळते.

‘हा बेडूक का?’ असा अंदाज टाळावा. तो चुकला तर मूल हिरमुसते. ‘पोट कुठे गेले?’ अशी दुरुस्ती, भावंडांशी तुलना किंवा काळ्या रंगावरून मनःस्थितीचे निदानही नको.