चार किलो बेसनाचा आलेख

'पहिल्या तासाला नफ्याचं नाव काढायचं नाही.' सोलापुरातल्या एका गणिताच्या शिक्षिकेच्या पाठ टाचणात ही सूचना लाल शाईने लिहिलेली होती आणि तिच्यामुळेच हा तास बघावासा वाटला. लिनिअर प्रोग्रॅमिंग बारावीत येतं आणि तिथे पुस्तकातला प्रश्न बहुधा नफ्यापासूनच सुरू होतो. इथे वर्ग दहावीचा होता, आणि प्रश्न नवी पेठेतल्या एका वडे-भज्यांच्या गाड्यावरचा.

गाडेवाल्या मामांकडून मुलांनी आकडे आधीच लिहून आणले होते. बटाटे ६ किलो, कांदे ४ किलो. "आणि बेसन रोजचं चार किलो. संपलं की गाडा बंद," असं मामांनी सांगितलं होतं. वड्यांच्या एका प्लेटला ४० ग्रॅम बेसन आणि १०० ग्रॅम बटाटा लागतो. भज्यांच्या प्लेटला ८० ग्रॅम बेसन आणि १०० ग्रॅम कांदा. तेल पुरेसं आहे, असं धरलं होतं.

बाईंनी फळ्यावर एकही समीकरण लिहिलं नाही. आडव्या अक्षावर वड्यांच्या प्लेटी, उभ्या अक्षावर भज्यांच्या. प्रत्येक जोडीने एक बेत ठरवायचा, सामान पुरतं का ते मोजायचं आणि भिंतीवरच्या आलेखावर टिकली लावायची: पुरलं तर हिरवी, नाही तर लाल.

मागच्या बाकावरच्या एका मुलीचा हिशोब साधा होता. बटाटे ६० प्लेटींना पुरतात, कांदे ४० प्लेटींना पुरतात. म्हणजे ६० वडे आणि ४० भजी. ती हिरवी टिकली घेऊन उठलीसुद्धा. "बेसन मोज की," शेजारीण म्हणाली. वड्यांना २४०० ग्रॅम, भज्यांना ३२०० ग्रॅम, एकूण ५६०० ग्रॅम. मामांकडे चार किलोच. १६०० ग्रॅम कमी पडले आणि टिकली लाल झाली. दोन्ही पदार्थ एकाच पिठातून निघतात, ही गोष्ट त्या लाल टिकलीने सगळ्या वर्गाला एकदम दाखवली. तासभर मुलं पुन्हा पुन्हा तिच्याकडेच बोट दाखवत राहिली.

टिकल्या वाढल्या तशी हिरव्या-लालमधली सीमा दिसू लागली. (६०, २०), (४०, ३०), (२०, ४०) या तिन्ही बेतांत बेसन नेमकं संपतं आणि तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत येतात. मग कुठे बाईंनी लिहिलं: 40x + 80y ≤ 4000. बटाट्यांची रेषा ६० वर उभी, कांद्यांची ४० वर आडवी. प्लेटी शून्यापेक्षा कमी होत नाहीत, म्हणून दोन्ही अक्षही सीमाच. या सगळ्यांच्या आत पाच कोपऱ्यांचं एक शक्य क्षेत्र उरलं.

इथे नेहमीच्या चुका दिसल्याच. काहींनी रेषेची उलटी बाजू रंगवली. त्यावर बाईंचा एकच प्रश्न होता: "गाडा लावलाच नाही तर सामान पुरेल ना?" म्हणजे (०, ०) हा बिंदू आत असायलाच हवा. काहींना फक्त रेषेवरचे बेत खरे वाटत होते. ३० वडे आणि २० भजी या बेतात १२०० ग्रॅम बेसन उरतं, तरी तोही बेत शक्यच आहे.

नफा आला दुसऱ्या तासाला. वड्यांच्या प्लेटीमागे १० रुपये आणि भज्यांमागे १५ रुपये धरले, तर (६०, २०) वर ९०० रुपये मिळतात आणि (२०, ४०) वर ८००. भज्यांमागे २५ रुपये केले की पारडं फिरतं: पहिल्या कोपऱ्यावर ११००, दुसऱ्यावर १२००. बरोबर २० रुपयांना दोन्हीकडे १००० येतात, मधल्या (४०, ३०) वरही तेवढेच. क्षेत्र मात्र जागचं हललं नव्हतं. बदलला होता तो सर्वांत फायद्याचा कोपरा. कोपऱ्यावरून कोपऱ्याकडे जाण्याची हीच चाल जॉर्ज डॅन्झिग यांच्या १९४७ च्या सिम्प्लेक्स पद्धतीत आहे. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये क्षेत्राच्या आतून जाणारी वेगवान पद्धत मांडली.

शेवटी बाईंनी बेसन १०० ग्रॅमने वाढवलं. आता ६० वड्यांबरोबर भजी येतात २१.२५. पाव प्लेट विकता येत नाही; २२ केली तर बेसन कमी पडतं, म्हणून २१ च.

या आलेखात न मावणारंही काही आहे. मामांनी मुलांना सांगितलं होतं, "उरलेला कांदा उद्या चालतो, उकडलेला बटाटा चालत नाही." पाऊस आला की भज्यांची मागणी वाढते, तीही या रेषांना ठाऊक नाही. बाईंनी या दोन्ही गोष्टी टाचणात 'आपण धरलेलं नाही' या मथळ्याखाली लिहिल्या आहेत आणि मुलांकडून वहीत उतरवून घेतल्या.

नफा मागे ठेवण्याचा बाईंचा निर्णय योग्यच होता. पहिल्याच तासाला १० आणि १५ रुपये आले असते, तर मुलं थेट उत्तराचा कोपरा शोधायला धावली असती आणि लाल टिकली कुणी लावलीच नसती. शिवाय या पाठाला बारावीपर्यंत थांबायची गरज नाही. दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेख दहावीपर्यंत शिकवून होतात. त्यापुढे लागतात फक्त दोन रंगांच्या टिकल्या आणि जवळच्या गाड्यावरचे खरे आकडे.