सुमीचा स्तंभालेख

दोस्तांनो, वाण्याच्या दुकानातली विक्रीची वही तुम्ही पाहिली असेल. नुसते आकडेच आकडे! पण हेच आकडे कागदावर उभे केले तर काय दिसतं, ते या गोष्टीत बघा. गोष्टीतल्या मुलीला आपण सुमी म्हणू. ती सातवीत शिकते. गावात दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो.

सुमीचे बाबा रोज पावाच्या १४ लाद्या घ्यायचे. बऱ्याच शिल्लक राहायच्या, शिळ्या व्हायच्या. बाबा वैतागून म्हणाले, "पाव ठेवणंच बंद करतो!"

सुमीने वही उघडली. सोमवारपासून रविवारपर्यंतची विक्री होती ८, ९, ८, १४, ९, १०, ९. म्हणजे ९८ लाद्यांपैकी ६७ खपल्या, ३१ वाया! पुढच्या आठवड्यातही साधारण तसंच.

तिने चौकटीचा कागद घेतला. खाली आडव्या रेषेवर वार लिहिले. एक चौकट म्हणजे एक लादी, असं प्रमाण धरलं. आधी जागा वाचवायला तिने उभी रेषा ७ पासून सुरू केली. तर सोमवार एक चौकट आणि गुरुवार चक्क सात चौकटी! म्हणजे सातपट विक्री? छे, खरी तर दुपटीलाही थोडी कमीच. तिने ते खोडलं आणि शून्यापासून पुन्हा स्तंभ काढले.

आता एक गंमत दिसली. बाकीचे स्तंभ खालीवर होते, पण दोन्ही गुरुवारचे अगदी १४ वर थांबलेले, जणू वर छत लागलंय!

"बाबा, गुरुवारी बरोबर १४ च लाद्या कशा खपतात हो?"

"अगं, आणतोच १४. दुपारीच संपतात."

"मग नंतर कोणी मागत नाही?"

"मागतात की! परत जातात बिचारे."

बघा हं, वहीत विक्री लिहिलेली होती, मागणी नव्हे. रिकाम्या हाताने परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कोण करणार? पुढच्या गुरुवारी बाबांनी ती केली. पाव मागून परत जाणाऱ्या प्रत्येकामागे वहीत एक रेघ ओढली. संध्याकाळी रेघा झाल्या सहा. प्रत्येकाला एकेकच लादी हवी होती. हा अंदाजच, कारण एखादा माणूस दोनदाही आला असेल.

मग ठरलं, गुरुवारी २० लाद्या, एरवी १०. आठवड्याला ९८ ऐवजी ८० च! पाव बंद झाला नाही.

पण सुमी अजून शनिवारवर डोळा ठेवून आहे. तिथला स्तंभ १० चा, आणि आता लाद्याही १० च. तिला काळजी कसली वाटत असेल, सांगा पाहू?