पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या

वैद्यकीय महाविद्यालयात नव्या बॅचचं स्वागत झालं, की फायनल इयरचा एखादा विद्यार्थी माईक हातात घेतो. मेसच्या जेवणावर दोन विनोद होतात, मग समोरच्या मुलांच्या मनातला प्रश्न येतो: अभ्यास करायचा कसा? बारावीत आणि नीटमध्ये धडा चारदा वाचून मार्क मिळालेले असतात. अ‍ॅनाटॉमीत पहिल्याच महिन्यात ही सवय दगा देते.

जाणता सिनियर इथे हटकून ब्रेकियल प्लेक्ससचं उदाहरण घेतो. मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं हे जाळं. पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, प्रत्येक ट्रंकचे पुढचा-मागचा असे दोन फाटे, त्या सहा फाट्यांचे तीन कॉर्ड आणि शेवटी पाच मुख्य मज्जातंतू. पुस्तकातली आकृती तिसऱ्यांदा पाहिली की सगळं ओळखीचं वाटतं. फसवणूक नेमकी इथेच होते, कारण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

म्हणून सल्ला असा: समजेपर्यंत एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर जाळं काढा. पहिल्या खेपेला रेडियल नर्व्ह बहुधा भलत्याच कॉर्डला चिकटते. पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्ती केली की लक्षात येतं, तिन्ही ट्रंकचे मागचे फाटे एकत्र येऊन पोस्टेरिअर कॉर्ड होतो आणि रेडियल त्यातूनच निघते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दंडाचं हाड मध्यावर मोडलेल्या रुग्णाला मनगट वर का उचलता येत नाही, हे त्याच कागदाखाली लिहायचं: रेडियल तिथे हाडाला लगटून जाते.

हा केवळ सिनियरचा अनुभव नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते दोनदा वाचले, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 42 टक्केच आठवलं. लिहून पाहणाऱ्यांना 56 टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, हे फायनल इयरच्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही!

या पद्धतीलाही मर्यादा आहे. न समजलेलं आठवायला बसणं म्हणजे नुसती घोकंपट्टी. बायोकेमिस्ट्रीच्या चक्रांत हे फार होतं. आणि कागद तपासलाच नाही, तर चूकच पक्की होते. शिवाय कागदावरची आकृती सपाट असते. डिसेक्शन हॉलमध्ये काखेतली चरबी बाजूला केल्यावर आधी तीन मज्जातंतूंनी झालेला इंग्रजी ‘एम’ शोधायचा आणि तिथून मागे जायचं. काही देहांत जोडण्या पुस्तकासारख्या नसतातही. अशा टेबलाभोवती जरा जास्त वेळ उभं राहा, असं सिनियर सांगतात. व्हायवात सर बोट ठेवून विचारतात, ते पुस्तकातल्या चित्रावर नव्हे.